गांधीखून खटल्याचे आरोपपत्र: त्यात काय होते, काय नव्हते

गांधीजींच्या खुनाचा विषय निघाला की दोन विधाने हटकून ऐकू येतात. पहिले असे की, ज्याअर्थी सरकारने एखाद्याचे नाव आरोपपत्रात घातले त्याअर्थी तो दोषी असलाच पाहिजे. न्यायालयाने सोडले ती निव्वळ तांत्रिक बाब. दुसरे असे की, ज्याअर्थी न्यायालयाने सोडले त्याअर्थी सारा प्रश्न कायमचा मिटला; आता त्याविषयी बोलणे हीच बदनामी. दोन्ही विधाने करणाऱ्यांचे एकमेकांशी हाडवैर असले, तरी त्यांची चूक एकाच मुळाशी आहे. आरोपपत्र ही काय वस्तू आहे, ते कोण लिहितो, कशाच्या आधारावर लिहितो आणि त्यातले किती न्यायालयात टिकते, हे दोघांनीही पाहिलेले नसते. कार्यकर्त्यांनी तरी ते पाहायला हवे. आणि त्यासाठी २७ मे १९४८ रोजी दिल्लीच्या विशेष न्यायालयात दाखल झालेल्या आरोपपत्राइतके बोधक उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आरोपपत्र हा पोलिसांनी तपास संपल्यावर न्यायालयाला सादर केलेला अहवाल असतो. त्या वेळी तो १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली दिला जाई. १९७३ च्या संहितेतही कलमाचा आकडा तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तो १९३ झाला आहे. त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: कोणावर कोणत्या गुन्ह्यांचा आरोप आहे, तो सिद्ध करण्यासाठी कोणते साक्षीदार बोलावले जातील, आणि कोणती कागदपत्रे व कोणता मुद्देमाल पुढे ठेवला जाईल. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही येणे रकमेची यादी आहे, वसूल झालेल्या रकमेची नव्हे. साक्षीदाराने पोलिसांपुढे दिलेला जबाब त्यासोबत जोडलेला असतो. पण तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. साक्षीदाराने न्यायालयात येऊन शपथेवर सांगावे आणि आरोपीच्या वकिलाने त्याची उलटतपासणी घ्यावी, तेव्हा पुरावा जन्माला येतो. पोलिसांपुढचा जबाब त्या साक्षीदाराला खोटे पाडण्यापुरता वापरता येतो, त्याहून अधिक नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी आरोपपत्राच्या पहिल्या पानावरून निर्णय देण्याची घाई पुष्कळ कमी होईल.

या आरोपपत्रात बारा नावे होती. नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे, मदनलाल पाहवा, शंकर किस्तय्या, गोपाळ गोडसे, विनायक दामोदर सावरकर, ग्वाल्हेरचे डॉक्टर दत्तात्रय परचुरे आणि पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे हे नऊ जण अटकेत होते. ग्वाल्हेरकडचे तिघे फरारी होते. बडगे याला २१ जून १९४८ रोजी माफी देण्यात आली आणि तो आरोपीच्या पिंजऱ्यातून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांनी आरोप ठेवले ते आठ जणांवर.

गुन्ह्यांची यादी वरवर लांबलचक दिसते, पण तिची मांडणी सरळ आहे. सर्वांत वर कट: १ डिसेंबर १९४७ ते ३० जानेवारी १९४८ या काळात पुणे, मुंबई, दिल्ली व ग्वाल्हेर येथे गांधीजींचा खून करण्याचा कट केला, हा आरोप भारतीय दंडसंहितेच्या १२०-ब आणि ३०२ या कलमांखाली सर्वांवर होता. त्याखाली कटाच्या पायऱ्या येतात. दोन रिव्हॉल्व्हर परवान्याशिवाय दिल्लीत नेणे व बाळगणे हा शस्त्रविषयक कायद्याखालचा गुन्हा. गनकॉटन या स्फोटकाच्या दोन लाद्या आणि पाच हातबाँब बाळगणे, आणि २० जानेवारीला बिर्ला भवनाच्या आवारात मदनलालने त्यांतली एक लादी उडवणे हे स्फोटक पदार्थांच्या कायद्याखालचे गुन्हे. नंतर ग्वाल्हेरहून पिस्तूल आणणे. आणि शेवटी ३० जानेवारीचा प्रत्यक्ष खून, ज्यात नथुरामवर खुनाचा व इतरांवर त्या खुनाला साहाय्य केल्याचा आरोप.

यातला शेवटचा आरोप सिद्ध करायला सरकार पक्षाला फारसे कष्ट नव्हते. प्रार्थनेला जमलेल्या लोकांसमोर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, मारेकरी पिस्तुलासह जागीच पकडला गेला, ६०६८२४ या क्रमांकाचे ते बेरेटा पिस्तूल न्यायालयात हजर झाले, आणि मारेकऱ्याने स्वतः कृत्य नाकारले नाही. नथुरामचा सारा बचाव एका वाक्यात सांगता येतो: मारले ते मी, एकट्याने, कट नव्हता. त्याने पुढे पूर्व पंजाब उच्च न्यायालयात अपील केले तेही खुनाच्या दोषसिद्धीविरुद्ध नव्हते, कटाच्या दोषसिद्धीविरुद्ध होते. म्हणजे खटल्याचा प्रश्न ‘गोळी कोणी झाडली’ हा नव्हताच. गोळी झाडणाऱ्याच्या मागे कोण होते, आणि ते कायद्याच्या कसोटीवर दाखवता येते का, हा होता. आजही वाद आहे तो तेवढ्याचाच.

कट सिद्ध करणे हे खून सिद्ध करण्याहून वेगळ्या जातीचे काम आहे. कटाचा ठराव कोणी वहीत लिहून सह्या करत नाही. पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यात, कलम १० मध्ये, म्हणून एक खास तरतूद होती: कट होता असे मानण्यास सबळ कारण दिसले, तर त्या समान हेतूने एकाने केलेली कृती किंवा काढलेले उद्गार इतरांविरुद्धही वाचता येतात. तपास यंत्रणांना कटाचे कलम इतके प्रिय का, याचे उत्तर या तरतुदीत आहे. एकाच्या हातातली दोरी दहाजणांच्या गळ्याला लागते. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये बडोदा डायनामाइट प्रकरणात जॉर्ज फर्नांडिस आणि इतर चोवीस जणांवर आरोपपत्र ठेवले गेले तेव्हा समाजवादी कार्यकर्त्यांनी ही दोरी स्वतःच्या गळ्याशी पाहिली. तिथेही माफीचे साक्षीदार होते. तो खटला १९७७ मध्ये काढून घेतला गेला आणि पुराव्याची कसोटी लागलीच नाही. गांधीखून खटल्यात ती लागली, म्हणून तो अधिक शिकवतो.

सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले; चारशेवर कागदपत्रे आणि ऐंशी वस्तू पुराव्यात आल्या. सरकारतर्फे काम पाहिले मुंबईचे अॅडव्होकेट जनरल चंद्रकिसन दफ्तरी यांनी. आकडे मोठे आहेत, पण एवढ्या साक्षीदारांपैकी बहुसंख्य माणसे अगदी सामान्य होती: हॉटेलातले कारकून आणि नोकर, विमान कंपनीचे कर्मचारी, टॅक्सीचालक, रेल्वेच्या विश्रांतिगृहाचा कारकून, ओळखपरेड घेणारे दंडाधिकारी, हस्ताक्षर तपासणारे तज्ज्ञ. त्यांपैकी कोणालाही कटाची काहीच माहिती नव्हती. त्यांनी फक्त एकेक तुकडा आणला, आणि तुकडे जुळत गेले.

ते कसे जुळले हे पाहण्यासारखे आहे. १३ आणि १४ जानेवारीला नथुरामने आपल्या आयुर्विम्याच्या दोन पॉलिसींवर वारस नेमले; दोन हजारांची पॉलिसी आपटे याच्या पत्नीच्या नावे आणि तीन हजारांची भाऊ गोपाळ याच्या पत्नीच्या नावे. १७ जानेवारीला मुंबईहून दिल्लीला गेलेल्या विमानाच्या उतारूंत ‘डी. एन. करमरकर’ आणि ‘एस. मराठे’ अशी दोन नावे आहेत. त्याच दिवशी दिल्लीच्या मरीना हॉटेलात ४० क्रमांकाची खोली ‘एस. देशपांडे’ आणि ‘एम. देशपांडे’ यांनी घेतली. विमानात करमरकर-मराठे, हॉटेलात देशपांडे. हस्ताक्षर व ओळख पटवणारे साक्षीदार सांगतात की ही माणसे आपटे आणि नथुराम. २० तारखेच्या स्फोटानंतर दोघे घाईने हॉटेल सोडून गेले, आणि धुण्यासाठी दिलेले कपडे मागेच राहिले. त्यांवर परटाची खूण होती: ‘एन. व्ही. जी.’ २७ जानेवारीला पुन्हा विमानप्रवास; आता नावे ‘डी. नारायणराव’ आणि ‘एन. विनायकराव’. तेथून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून परत दिल्ली, आणि २९ तारखेला दिल्ली स्थानकाच्या विश्रांतिगृहातली ६ क्रमांकाची खोली पुन्हा ‘एन. विनायकराव’ याच नावाने. खोटे नाव घेणाऱ्या माणसाला आपले खरे नाव पुरते टाकवत नाही, हे पोलिसांना जुने ज्ञात आहे. इथेही वडिलांचे आणि स्वतःचे नावच उलटसुलट करून वापरलेले दिसते.

हा पुरावा मजबूत का? कारण तो घडत असताना कोणालाही माहीत नव्हते की पुढे याचा पुरावा होणार आहे. उतारूंची यादी आणि हॉटेलचे रजिस्टर खुनाच्या आधी लिहिले गेले. नंतर ते बनवता येत नाही. एकट्याने खून केला म्हणणाऱ्या माणसाच्या प्रत्येक टप्प्यावर दुसरा माणूस सोबत असल्याचे हे कागद सांगतात. यात आणखी एक भर रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्या साक्षीची. मदनलाल त्यांच्याकडे येत-जात असे, आणि गांधीजींना मारण्याचा बेत त्याने स्फोटापूर्वीच त्यांच्याजवळ बोलून दाखवला होता. स्फोटाची बातमी वाचून जैन २१ जानेवारीला मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. देसाईही सरकार पक्षाचे साक्षीदार म्हणून उभे राहिले.

इथे थोडे थांबले पाहिजे. परटाच्या खुणेचे कपडे मागे राहिले होते, मदनलालसारखा जिवंत आरोपी २० जानेवारीच्या रात्री पोलिसांच्या हाती होता, मुंबईच्या गृहमंत्र्यांना २१ ला माहिती मिळाली होती, आणि तरीही ३० तारीख उजाडली. आरोपपत्रात तपासातील हलगर्जीपणाचे कलम नसते, कारण आरोपपत्र लिहिणारा पोलीसच असतो. ही उणीव भरून काढली ती न्यायाधीशांनी. २० ते ३० जानेवारी या दहा दिवसांत पोलिसांनी थोडीशी तत्परता दाखवली असती तर ही दुर्घटना बहुधा टळली असती, असा ठपका आत्माचरण यांनी निकालपत्रात ठेवला. तो ठेवण्याची त्यांच्यावर कोणतीही सक्ती नव्हती.

आता बडगे. कागद आणि कारकून माणसांची ये-जा सांगतात, पण खोलीत काय ठरले हे सांगू शकत नाहीत. ते सांगणारा एकच माणूस होता, आणि तो स्वतः त्या बेतात सामील होता. पुण्यात ‘शस्त्रभांडार’ चालवणाऱ्या बडगेने हातबाँब आणि गनकॉटन पुरवले, आपला नोकर शंकर याला घेऊन तो दिल्लीला गेला, आणि २० जानेवारीला प्रार्थनास्थळामागच्या नोकरांच्या खोलीतून जाळीतून गोळी झाडण्याचे काम त्याच्याकडे होते. खोलीच्या दाराशी एक एकाक्ष माणूस बसलेला पाहून त्याने कच खाल्ली, असे त्यानेच सांगितले. अशा माणसाची साक्ष किती मोलाची?

कायद्याचे उत्तर त्या काळी दोन तोंडांचे होते. पुराव्याच्या कायद्याचे कलम १३३ म्हणे की केवळ साथीदाराच्या साक्षीवर, तिला दुजोरा नसतानाही, शिक्षा दिली तर ती बेकायदा ठरत नाही. त्याच कायद्याच्या कलम ११४ चे एक उदाहरण म्हणे की साथीदार महत्त्वाच्या तपशिलात दुजोरा मिळाल्याशिवाय विश्वासास पात्र नाही असे न्यायालय गृहीत धरू शकते. न्यायालयांनी या दोहोंतून सावधगिरीचा नियम घडवला: दुजोरा हवा, तो स्वतंत्र हवा, आणि तो प्रत्येक आरोपीपुरता वेगळा हवा. शेवटची अट निर्णायक आहे. माफीचा साक्षीदार आपल्या कथेतील नव्वद टक्के तपशील अगदी खरे सांगू शकतो, कारण तो तिथे होताच. त्यात एक नाव पदरचे घालणे त्याला फार सोपे असते. कथा खरी ठरली म्हणून नाव खरे ठरत नाही. २०२३ च्या नव्या पुरावा कायद्याने दुजोऱ्याची ही अट आता कलमातच लिहिली आहे. पण १९४८ मध्ये ती न्यायाधीशाच्या सदसद्विवेकाची बाब होती.

या कसोटीवर एकेक आरोपी घेतला तर निकाल समजायला लागतो. आपटे आणि नथुराम यांच्याविरुद्ध बडगेच्या कथेला विमान, हॉटेल, विश्रांतिगृह यांचा दुजोरा होता. मदनलाल स्फोटाच्या जागीच हातबाँबसह पकडला गेला होता. करकरे त्याच्यासोबत दिल्लीच्या शरीफ हॉटेलात खोट्या नावाने राहिला होता. शंकरने पोलिसांना दिल्लीच्या हिंदू महासभा भवनामागच्या रानात नेऊन पुरलेली स्फोटके दाखवली. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही; परंतु आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग कलम २७ प्रमाणे येई. बडगेच्या कथेला त्याच्याच नोकराने अशी मातीतून साक्ष दिली.

सावरकरांबाबत बडगेने सांगितले ते थोडक्यात असे. १४ जानेवारीला आपटे व नथुराम त्याला घेऊन दादरच्या सावरकर सदनाकडे गेले, त्याला बाहेर ठेवून दोघे आत गेले. १७ तारखेला पुन्हा गेले. या वेळी बडगे तळमजल्यावर थांबला, दोघे वर गेले, पाच-दहा मिनिटांत खाली आले, आणि त्यांच्यामागून आलेल्या सावरकरांनी त्यांना ‘यशस्वी होऊन या’ असे म्हटले. सरकार पक्षाच्या या भागाचा सारा भार या एका मराठी वाक्यावर होता.

दुजोरा काय होता? १४ तारखेबाबत एका चित्रपट अभिनेत्रीची साक्ष होती. पुण्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत तिची या दोघांशी गाठ पडली आणि तिने त्यांना आपल्या वाहनातून सावरकर सदनाजवळ सोडले. १७ तारखेबाबत टॅक्सीचालकाची साक्ष होती. दोन्ही साक्षी घराच्या परिसरापर्यंत पोचतात आणि तिथेच थांबतात. सावरकर राहत पहिल्या मजल्यावर. त्या घरात इतर माणसेही राहत, ज्यांच्याकडे संघटनेचे लोक येत-जात. माणूस घराशी गेला एवढ्यावरून तो कोणाला भेटला हे ठरत नाही, आणि भेटला तरी काय बोलला हे मुळीच ठरत नाही. ‘यशस्वी होऊन या’ हे वाक्य खरोखर उच्चारले गेले असे मानले, तरी ते कोणत्या कामासाठी याचे उत्तर बडगेपाशी नव्हते, कारण वरच्या मजल्यावरचे बोलणे त्याने ऐकलेच नव्हते.

आत्माचरण यांनी बडगेला खोटा ठरवले नाही. उलट, त्याने सरळपणे साक्ष दिली असेच त्यांचे मत पडले. तरीही सावरकरांविरुद्ध निष्कर्ष काढण्यासाठी एवढ्यावर विसंबणे सुरक्षित नाही, असे सांगून १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्यांनी सावरकरांना निर्दोष सोडले. नथुराम व आपटे यांना फाशी, उरलेल्या पाच जणांना जन्मठेप, आणि या सुटकेविरुद्ध सरकारने अपील केले नाही. ज्यांना हा निकाल पटत नाही त्यांनी एवढे पाहावे की, याच नियमाने पुढे आणखी दोघे सुटले. परचुरे यांची शिक्षा प्रामुख्याने ग्वाल्हेरला दंडाधिकाऱ्यापुढे दिलेल्या आणि नंतर नाकारलेल्या कबुलीजबाबावर उभी होती. तो उच्च न्यायालयात टिकला नाही. शंकर हा धन्याची आज्ञा पाळणारा तेलुगू मुलगा, त्याला बेताची जाणीव होती हे सिद्ध होत नाही असे ठरले. २१ जून १९४९ रोजी भंडारी, अच्छ्रुराम आणि खोसला या तीन न्यायमूर्तींनी दोघांनाही मुक्त केले. तिथे ‘तांत्रिक’ सुटका म्हणून कोणी ओरड केल्याचे ऐकिवात नाही.

एवढ्यावर प्रकरण संपले असते. पण आरोपपत्रातली साक्षीदारांची यादी जशी आत असलेल्या नावांसाठी वाचायची असते, तशीच बाहेर राहिलेल्या नावांसाठीही वाचायची असते. सरकारने पुढे कटाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. नोव्हेंबर १९६६ पासून तो न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे होता आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला. त्यात असे आढळते की सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे जबाब मुंबई पोलिसांनी ४ मार्च १९४८ रोजी, म्हणजे आरोपपत्राच्या जवळजवळ तीन महिने आधीच, घेतले होते. आपटे आणि नथुराम जानेवारीच्या मध्यास सावरकरांना भेटल्याचे, आणि दिल्लीचा पहिला प्रयत्न फसल्यानंतर, २३ किंवा २४ तारखेच्या सुमारास, पुन्हा भेटल्याचे त्यांत होते. घराशी जाणे आणि सावरकरांना भेटणे यांमधली जी दरी अभिनेत्री व टॅक्सीचालक भरू शकले नाहीत, तिच्या काठावरची ही दोन माणसे. त्यांना लाल किल्ल्यात साक्षीला बोलावले गेले नाही.

का नाही, याचे कारण नोंदलेले दिसत नाही. तर्क पुष्कळ करता येतात. ती माणसे सावरकरांच्या पदरची. न्यायालयात उलटतील ही भीती असेल, आणि उलटलेला साक्षीदार सरकार पक्षाला न बोलावलेल्या साक्षीदारापेक्षा महाग पडतो. निष्काळजीपणाही असेल, याच तपास यंत्रणेचा जानेवारीतला इतिहास पाहता तो अशक्य मुळीच नाही. पण तर्काने यादीतली रिकामी जागा भरत नाही. कपूर आयोगाने मात्र सर्व तथ्ये एकत्र पाहता सावरकर व त्यांच्या गटाचा कट याखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, असा निष्कर्ष नोंदवला, आणि तेव्हापासून एका बाजूने हे वाक्य आणि दुसऱ्या बाजूने १९४९ चे निकालपत्र असे युद्ध चालू आहे.

या युद्धात दोन्ही कागदांचे वजन सारखे धरले जाते, ते बरोबर नाही. निकालपत्र उलटतपासणीतून आलेल्या पुराव्यावर उभे आहे, पण त्यापुढे सारा पुरावा ठेवला गेला नव्हता. आयोगापुढे अधिक कागद होते, पण त्यांतले कासार-दामले यांचे जबाब म्हणजे पोलिसांपुढची विधाने. शपथेवरची नव्हेत, आणि उलटतपासणीने पारखलेली नव्हेत. शिवाय भेट सिद्ध झाली असती तरी भेटीतले बोलणे सिद्ध झाले असते का, हा प्रश्न उरतोच. आत्माचरण यांच्या मनात दुसरे पारडे किती झुकले असते हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. ज्यांच्याविरुद्ध आयोगाचा निष्कर्ष आहे ते सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी वारले होते. कपूर यांची नेमणूक त्यानंतर नऊ महिन्यांनी झाली. उत्तर देण्याची संधी त्यांना मिळाली नाही. आणि ४ मार्च १९४८ चे ते दोन जबाब, ज्यांची जागा दफ्तरी यांच्या साक्षीदारांच्या यादीत होती, ते वीस वर्षांहून अधिक काळ पोलिसांच्या दप्तरात पडून राहिले.